दुसऱ्याच्या फायलीवरचं साल

जळगावातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मी नवीनच लागले होते. बारावी अर्धवट सुटलेली, मग लग्न, मग पोरगी, मग कॉम्प्युटरचा एक कोर्स, बस. मालक म्हणले, "महिनाभर बघू, नाही जमलं तर घरी." पोरीला नशिराबादला सासूबाईंकडे ठेवून मी धापा टाकत यायची.

जानेवारी लागला. आमच्या कोडच्या प्रत्येक फायलीच्या डोक्यावर कंपनीचं नाव अन् कॉपीराइटचं साल असतं, ते बदलायचं काम माझ्याकडे आलं. मला शिकवायचे ते भाऊ आमच्या धुळ्याकडचेच. म्हणले, "सुरुवातीचं साल तसंच ठेव, शेवटचं बदल. अन् व्हेंडर फोल्डरले हात नको लावू. ते बाहेरच्यांचं कोड, आपण नुसतं आणून ठेवलंय."

मी तसंच केलं. व्हेंडर सोडून बाकी सगळीकडे एकाच कमांडने साल बदललं, माझ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या माझ्या वेगळ्या प्रतीत टाकलं, अन् भाऊंना म्हणलं मर्ज करा, म्हणजे मूळ कोडात घ्या. ते तिकडे माझे बदल उघडून बसले. मी इकडे उगीच बदल खाली-खाली सरकवत होते. लाल ओळ जुनी, हिरवी ओळ नवी, सगळीकडे आमच्या कंपनीचं नाव. अन् मधेच एक परदेशी माणसाचं नाव! कॅलेंडर दाखवायची फाइल. कोणीतरी कधी काळी बाहेरून आणून आमच्याच फोल्डरात टाकलेली.

"भाऊ, थांबा! दाबू नका!"

"काय व्हयनं?"

"बठ्ठं, सगळंच बिघडी गयं!"

भाऊ उठून आले, वाकून बघितलं, हसले. "बठ्ठं कुठे? एकच फाइल शे."

"पण त्याचं साल मी बदललं ना! आता काढतील मला."

"अवं, अजून तुझ्याच ब्रँचवर शे. मूळ कोडले धक्का नही. शेजारच्या वावराचा बांध कोरलास, भर परत."

माझे बदल टाकून दिले, सगळं होतं तसं झालं. मग कमांड सुधारली: व्हेंडर सोडायचंच, शिवाय त्या ओळीत आमच्या कंपनीचं नाव असेल तरच साल बदलायचं. परत चालवली. परत एकेक ओळ वाचली. त्या माणसाचं साल जागेवर होतं. ती फाइल व्हेंडरमध्ये हलवायला हवी होती, पण भाऊ म्हणले, ते वेगळं काम, आज नको.

त्यांनी मर्ज केलं अन् मालकांच्या केबिनकडे तोंड करून ओरडले, "हिला राहू द्या, ही वाचते!"

आतून आवाज आला, "मग ठेवा की पक्की!"

मी धावतच बाहेर पडले. जिन्यात बसून सासूबाईंना फोन लावला.

"आई, पक्की झाली नोकरी."

"मग रडतीस काय गं?"

"रडत नाही, दम लागलाय."

"केलं तरी काय एवढं?"

"एका माणसाचं साल बदललं नाही."

"अगं बाई," सासूबाई म्हणल्या, "न करायचा पण पगार देतात?"