रांगेची पिशवी

माझी ताई शर्टांना बटणं लावायची, ब्लाउजना हुक लावायची. नाक्यावरच्या टेलरचं हातकाम गेली कित्येक वर्षं तिच्याचकडे. आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, बस कंडक्टर. दिवसभर बसमध्ये ओरडून घरी आले तरी माणसाचं तोंड बंद नाही. जेवताना बडबड, झोपेत बडबड. ताई वैतागून म्हणायची, "अहो, कधीतरी गप्प बसा की!" आता ते आठवलं तरी तिला रडू फुटतं, आणि मग मला तिचाच राग येतो, उगाच स्वतःला दोष देते म्हणून. तिला काय ठाऊक होतं पुढे काय वाढून ठेवलंय ते!

दाजींना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. म्हणजे सगळं समजायचं त्यांना, पण शब्द सापडायचा नाही. तोंडातून निघायचं ते एकच, "हो की." डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" तर "हो की." "दुखत नाही ना?" तर "हो की." एकदा मी चिडून म्हटलं, "दाजी, मी मूर्ख आहे का?" तर "हो की", आणि मग स्वतःच हसले. त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो. नंतर तसं हसणं काही झालं नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर आमचं आयुष्य गेलं म्हणा ना. सकाळी कागद जमा करायचा, मग शिपाई नंबर पुकारेल तेव्हा उठायचं. कधी पुकारेल त्याचा नेम नाही. आणि एकदा पुकारला, तुम्ही जागेवर नसलात, की नंबर शेवटी. डॉक्टर दुपारी निघून जायचे, मग आजचा दिवस फुकट. मी नुसती चरफडत बसायची. ताई मात्र आदल्या संध्याकाळी पिशवी भरून ठेवायची.

त्या पिशवीचे कायदे होते. सुयांमध्ये दोरा आधीच ओवलेला, गाठ मारलेली, आणि सुया फलालीनच्या पट्टीत ओळीनं टोचलेल्या. बटणं काडेपेटीत. शर्टावर बटणाच्या जागी खडूच्या खुणा घरीच करून आणलेल्या. बाकावर बसून करायचं ते फक्त टाके घालायचं काम. एक बटण लागलं की गाठ, दोरा तोडला, झालं. नंबर आला तर सुई पट्टीत, शर्ट पिशवीत, आणि ही उभी. काज मात्र तिनं बाकावर कधी म्हणजे कधी घेतलं नाही. "काजाला एकदा कापड कापलं की ते अर्ध्यात सोडता येत नाही गं, धागे उसवत जातात. इथे आणायचं ते अर्ध्यात सोडलं तरी टिकणारंच आणायचं."

हाच कायदा तिनं दाजींनाही लावला. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, सराव थोडा थोडा पण पुन्हा पुन्हा करा, दमू देऊ नका, शब्द लगेच सांगू नका, वाट बघा. झालं, पिशवीत दुसरा कप्पा आला. चमचा, किल्ली, कंगवा, कप, बटण. ताई किल्ली काढून दाजींच्या डाव्या हातात द्यायची आणि स्वतः बटण लावत वाट बघायची. दाजींचे ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा. नाहीच जमलं तर ती नुसतं "कि..." म्हणायची. आणि एक दिवस दाजी म्हणाले, "किल्ली!" सगळं बाक ऐकत होतं. समोरच्या आजीबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. मध्येच नंबर आला तरी बिघडायचं नाही. वस्तू पिशवीत, परत आल्यावर तीच वस्तू हातात. "नवरासुद्धा पिशवीत घालून ठेवशील तू," मी म्हणायची. चमचा आला, कंगवा आला. ताईच्या चेहऱ्यावर थोडं तेज दिसायला लागलं.

तिला एवढंच हवं होतं, की ह्या माणसानं एकदा आपणहून काही बोलावं. वस्तू बघून नव्हे, आपल्या मनातलं.

आणि तो दिवस आला, मी तिथेच होते. ताई बटण लावत होती. दाजींनी हातातला कप बाजूला ठेवला आणि तिच्या सुईच्या हातावर आपला डावा हात ठेवला. म्हणाले, "तू." स्वच्छ! ताईची सुई थांबली. "तू... तू..." पुढचा शब्द अगदी ओठांशी आलेला, डोळे तिच्यावर खिळलेले. तेवढ्यात शिपायानं नंबर पुकारला. आमचाच.

ताई सवयीनं उठली. सुई पट्टीत, शर्ट पिशवीत. "धरून ठेवा हं, आत जाऊन येऊ, मग सांगा." मीच पुढे होऊन दाजींना हाताला धरून उठवलं. चुकलं म्हणता येईल का तिचं? तुम्हीही हेच केलं असतं.

आत डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, एक गोळी बदलली, की आम्ही बाहेर. बाकावर बसल्याबरोबर ताई म्हणाली, "हं, तू... काय?" दाजींनी शोधलं. खूप शोधलं. मग डोळे भरून आले आणि म्हणाले, "हो की."

घरी गेल्यावर ती वेड लागल्यासारखी एकेक वस्तू त्यांच्यापुढे धरत होती. "हे का? ह्याच्याबद्दल का? माझ्यावर रागावलात का? तू दमलीस म्हणत होतात का?" सगळ्याला "हो की." शेवटी मीच ओरडले, "अगं, पुरे कर ना, त्यांचे हाल करू नकोस!" दोन दिवसांनी दुसरा झटका आला. त्यातून दाजी उठले नाहीत.

नंतर दाजींच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्याच हॉस्पिटलात त्याच बाकावर यावं लागलं. ताईनं पिशवी आणली होती, पण ती मांडीवर बंदच. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, हात तसाच लुळा, मुलगी औषधं आणायला गेलेली. त्यांनी ताईची बाही धरली. ओठ हलायला लागले. "पं... पं..."

आणि आमचा नंबर!

"ताई, ऊठ! दाखल्यांची खिडकी आता आजच्यापुरती बंद होईल!"

"थांब."

"अगं, नंबर गेला ना! उद्या परत यावं लागेल!"

"येऊ." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत बसली, शांत, जणू जगात दुसरं काही काम नाही. शिपायानं पुन्हा पुकारलं, मग पुढचा नंबर घेतला. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

"पंखा," गृहस्थ म्हणाले. डोक्यावर पंखा भणभणत होता, त्यांना गार लागत होतं. ताईनं उठून बटण दाबून पंखा बंद केला, त्यांची शाल नीट केली. ते समाधानानं मागे टेकले.

खिडकी बंद झाली. मी बोलायला तोंड उघडलं, पण ताईच बोलली.

"बघ, एवढंच होतं. आमच्या ह्यांचंही असंच काहीतरी असेल, नाही का गं? ‘तू जरा सरक.’ ‘तू पाणी दे.’ असलंच काहीतरी."

"असेल," मी म्हटलं.

"तेवढं तरी दिलं असतं मी," ती म्हणाली, आणि पिशवीवर डोकं टेकून सगळ्या बाकादेखत रडायला लागली.