डावा हात आणि कोरं पान

माझ्या डाव्या हाताला एक खोड आहे. दोन शब्द टाइप झाले की करंगळी कंट्रोलवर जाते, मधलं बोट एसवर, आणि फाइल सेव्ह होते. मी त्याला सांगत नाही, तो विचारत नाही. अकोल्याच्या एका छापखान्यात बावीस वर्षं लग्नपत्रिका जुळवताना ही खोड लागली. तेव्हा भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं आणि वीज मात्र आपल्या मर्जीनं जायची. एकदा अख्खी पत्रिका, आहेर नको या ओळीपर्यंत जुळवलेली, अशीच उडाली. नवरदेवाचे वडील समोर बसलेले. त्या दिवसापासून हा हात माझ्या ताब्यात नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लोक आता पत्रिका छापतात कमी आणि मोबाइलवर पाठवतात जास्त. अमरावतीच्या एका पत्रिकावाल्यानं निरोप दिला होता की वेबपेजची पत्रिका करणारं माणूस हवं आहे, पण आधी समोर बसून करून दाखवावं लागेल. जमलं तर नोकरी, नाही तर तो काम बाहेर देणार. घरी बसून शेजारणींची चौकशी झेलायची नाही, एवढं माझं पक्कं होतं. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं अमरावतीला जायचं आणि एचटीएमएल, म्हणजे वेबपेज लिहायची भाषा, शिकायचं, असं ठरवलं.

क्लास शिकवणारी मुलगी तिवशाची, असेल चोवीस-पंचवीसची. तिला मॅडम म्हणायला माझी जीभ वळेना आणि मला नावानं हाक मारायला तिची. ती मला काकू म्हणू लागली, मी तिला माय. वर्गात बाकी सगळी कॉलेजची पोरं. मी आत गेले की एखादं उठून उभं राहायचं, त्याचा मला राग यायचा.

पहिले दोन दिवस तिनं जुन्या पद्धतीनं लिहून घेतलं. एडिटरमध्ये लिहा, सेव्ह करा, ब्राउझरमध्ये जा, एफ-फाइव्ह दाबा, मग बदल दिसेल. तिसऱ्या दिवशी तिनं पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे एडिटर, उजवीकडे पान. एडिटरच्या खालच्या पट्टीत एक बटण दाबलं आणि म्हणाली, "आता फकस्त सेव्ह करा काकू. पान आपोआप ताजं होते."

मी एच वनमध्ये, म्हणजे हेडिंगच्या टॅगमध्ये, "शुभविवाह" लिहिलं. हात गेला. पान एकदा लुकलुकलं आणि शुभविवाह उजवीकडे हजर. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या पोराच्या पाठीत थाप मारली.

तो आनंद दहा मिनिटं टिकला. टॅग म्हणजे कंसात लिहायची खूण; ती उघडली की बंद करावी लागते, आणि माझा हात बंद होईपर्यंत थांबत नव्हता. हेडिंग लिहिलं, बंद करायच्या आत सेव्ह झालं, की खालचा सगळा मजकूर हेडिंगएवढा जाडजूड होऊन पानभर पसरायचा. आजोबा, मामा, स्थळ, मुहूर्त, सगळे एका मापाचे. मी दचकून खोडायचे, खोडताना पुन्हा सेव्ह, पुन्हा भलतंच काहीतरी. छापखान्यात अर्धवट काम कोणी बघत नसे. इथं माझ्या प्रत्येक अर्धवट ओळीची ताबडतोब वरात निघत होती. मला बसवेना. मी उठायचे, पाणी प्यायचे, परत यायचे, खुर्ची पुढे ओढायचे.

"खुणा आपोआप बंद होत नाहीत का? मागच्या बाकावरचा तो पोरगा म्हणत होता, होतात म्हणून," मी विचारलं.

"होतात. मीच ते बंद करून ठेवलं," ती म्हणाली. "नाही त तुमाले समजणारच नाही, काय उघडं राहिलं ते. आणि काकू, तुमी पानाकडं नका पाहू. लिहून घ्या, मंग सेव्ह करा."

"मी कुठी सेव्ह करून राहिली? हात करून राहिला."

ती हसली. मी नाही हसले.

सहा आठवडे गेले. लिहिणं मला जमू लागलं, खरं सांगायचं तर वर्गातल्या पोरांपेक्षा बरं, कारण मजकूर बघण्याची मला सवय होती. पण पानाची धास्ती गेली नाही. उजवीकडे जे दिसेल तेच खरं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. पान नीट दिसलं की मी शहाणी, बिघडलं की मी ढ.

पत्रिकावाला क्लासातच आला. साठीचा, चष्मा कपाळावर, हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. त्याचा आधीचा धंदाही छपाईचाच. येतानाच तो त्या मुलीला म्हणाला, "तुमी मधात बोलाचं नाही. मले ताईचं काम पाहाचं आहे." ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यानं एक पत्रिका माझ्यापुढे ठेवली. मी पान उघडलं, बटण दाबलं, लिहू लागले. नवरा, नवरी, दोन्हीकडची मंडळी, मुहूर्त, मंगल कार्यालय. हात मधे मधे जात होता, पान मधे मधे वेडंवाकडं होत होतं, पण मी पुढे रेटत राहिले. वीस मिनिटांत सगळा मजकूर उजवीकडे उभा होता. तो चष्मा खाली घेऊन वाचू लागला. मान हलली. मला वाटलं, झालं.

"आता रंग द्या," तो म्हणाला. "नाव हळदी रंगात पाहिजे. गिऱ्हाइक आधी हळदी रंगच इचारते."

रंगाच्या सूचना पानाच्या वरच्या भागात, स्टाइल नावाच्या खुणेत लिहायच्या असतात. वर्गात ती खूण आम्हाला तयार मिळायची, आम्ही आत फक्त रंग भरायचो. मी वर गेले, स्टाइलची खूण उघडली, आणि डावा हात गेला.

पान कोरं झालं.

आजोबा गेले, मुहूर्त गेला, नवरा-नवरी गेली. नुसतं पांढरं. मी घाईनं रंगाची ओळ लिहिली, खूण बंद केली, सेव्ह केलं. कोरं. पुन्हा सेव्ह. कोरं. ते लुकलुकणंसुद्धा थांबलं होतं. सात-आठ वेळा तरी दाबलं असेल. मग मी सगळी चूक मागे उभ्या असलेल्या त्या पोरीच्या डोक्यावर टाकली.

"तुह्या ह्या खेळण्यानं माह्यं वाटोळं केलं," मी वळून म्हणाले. "निस्तं भिंगरीसारखं फिरवलं मले सहा हप्ते. साधं शिकवलं असतं त काय बिघडत होतं?"

तिचा चेहरा पडला, ते मला दिसलं, आणि तरीही मी थांबले नाही. "तुह्यी नोकरी जात नाही ना," असंही म्हणाले.

पत्रिकावाल्यानं गठ्ठा उचलला. "राहू द्या ताई. होते असं."

ते "राहू द्या" मला झोंबलं. बावीस वर्षांत कोणी मला राहू द्या म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "बसा. प्रूफ वाचू."

छापखान्यात प्रूफ दोघं वाचतात. एकानं मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून जुळवायचं. मी पानाकडे पाठ फिरवल्यासारखी मान डावीकडे वळवली आणि वरून कोड वाचू लागले. "कंस, हेड, कंस पुरा. कंस, स्टाइल, कंस पुरा. एच वन, महिरप, कलर, दोन टिंबं, गोल्ड, अर्धविराम, महिरप पुरी. कंस, तिरपी रेघ, स्टाइल, कंस पुरा." पत्रिकावाला नकळत खाली बसला होता. त्याचं बोट पडद्यावर एकेक ओळ सरकत होतं. जुनी सवय त्यालाही होती. मामांपर्यंत, कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत, शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंत आम्ही आलो.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "मंग कोरं कावून?"

"मजकूर बरोबर आहे," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. "म्हंजे पान जुनं आहे. त्याले माह्यं सेव्ह पोचूनच नाही राहिलं."

मी उजवीकडे पानावर क्लिक केलं आणि पहिल्या दोन दिवसांसारखं एफ-फाइव्ह दाबलं. सगळी मंडळी परत आली. नावं हळदी होती.

तो हसला नाही. "आता गुलाबी," एवढंच म्हणाला. मी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. एका हातानं, सावकाश, रंगाचं नाव बदललं. ओळ पुरी झाली का ते बघितलं. मग हात काढला आणि एकदाच सेव्ह केलं. पान लुकलुकलं आणि नावं गुलाबी झाली.

"सोमवारपासून या," तो म्हणाला. "प्रूफ वाचणारं माणूस आता भेटत नाही." आणि गेला.

मी खुर्चीतच बसून राहिले. ती मुलगी पुढे आली आणि जणू काही झालंच नाही अशी समजावू लागली. आपोआप ताजं होणाऱ्या पानात त्या बटणामागचं साधन आपला एक छोटा प्रोग्रॅम शेवटी घालतं. फाइल सेव्ह झाली की तो प्रोग्रॅमच पानाला ताजं हो म्हणून सांगतो. मी स्टाइल उघडी ठेवून सेव्ह केलं, तेव्हा ब्राउझरनं खालचं सगळं रंगाच्या सूचना म्हणून गिळलं, त्यात तो प्रोग्रॅमही गेला. मग पानाला सांगणारंच कोणी उरलं नाही. हातानं ताजं केलं तेव्हा खूण बंद झालेली होती, म्हणून मजकूर आणि प्रोग्रॅम दोन्ही परत आले.

"तुले माहीत होतं?"

"हो. पाह्यल्यापाह्यल्याच समजलं. पण बोलाचं नव्हतं ना."

"चुकलंच माय माह्यं. नको ते बोलली तुले."

ती खुर्च्या आत सरकवत होती. "काही नाही होत काकू. त्यायनं ह्या कामासाठी मधात मलेच इचारलं होतं. तुमचा क्लास सुरू झाला त्याच हप्त्यात. मी म्हटलं, मले नको, तुमी निरोप देल्ल्या काकू आमच्याकडं शिकून राहिल्या, त्याईच्यासाठी थांबा."

सहा आठवडे त्याला थांबवून ठेवणारी ती होती. मग मला तिचा प्रचंड राग आला, आधी का नाही सांगितलं म्हणून, आणि त्या रागातच मी तिला जवळ ओढून रडले.