अर्ध्या मिलिमीटरची रेघ

इंद्रकुमार कटरे सरांनी सांगितलेलं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुडव्याजवळच्या त्या आयटीआयमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सरांना तर जरा जास्तच ठाऊक होतं. पोरांनी जीभ बाहेर काढून, बोटं मोजून एक आकडा आणावा, सरांनी चष्मा कपाळावर सरकवून एक नजर टाकावी आणि म्हणावं, "पुन्हा पाह्य." पुन्हा पाहिलं की पोराचंच चुकलेलं निघायचं.

मग मापनाचं प्रात्यक्षिक मराठीतून शिकवायचं ठरलं. कुठल्याशा कचेरीतून भाषांतर केलेलं शीट आलं. ज्याने ते केलं त्याने आयुष्यात मायक्रोमीटर हातात धरला नसावा. थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरचा फिरणारा भाग, त्याचं केलं होतं शिंप्याचं अंगुस्तान. आतल्या स्थिर नळीची, स्लीव्हची, केली होती बाही. आणि लीस्ट काउंटची केली होती 'न्यूनतम गणना'. एका शहाण्याने ते वाचून खरोखरच कमीत कमी रेघा मोजल्या आणि आकडा लिहून मोकळा झाला. तेव्हा सगळे पोट धरून हसले. परीक्षेला मात्र शिकवणाऱ्या माणसाला आत सोडत नाहीत; टेबलावर उपकरण, जॉब म्हणजे मापायचा तुकडा, आणि ते शीट, एवढंच. निम्मी बॅच मापनातच गारद झाली, आणि मग कोणी हसलं नाही.

सरांना ते फार लागलं. "मी नसताना पोरांच्या कामी नाही पडत, तो कागद कायचा?" असं म्हणून ते स्वतःच लिहायला बसले. मदतीला रेणू होती. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आमगावहून रोज गाडीने यायची आणि आता तिथेच शिकवायची.

सरांनी थिंबलला थिंबलच ठेवलं, स्लीव्हला स्लीव्ह. लीस्ट काउंटही तसाच ठेवला, पण खाली लिहिलं: 'या उपकरणावर वाचता येणारा सर्वांत लहान फरक. उपकरण हातात घेतलं की आधी हा काढा.' मग व्हर्नियर कॅलिपर. मुख्य पट्टीचा एक भाग एक मिलिमीटर. सरकत्या पट्टीचे पन्नास भाग मुख्य पट्टीच्या एकोणपन्नास मिलिमीटरमध्ये बसतात, म्हणून सरकत्या पट्टीचा एक भाग मुख्य पट्टीच्या भागापेक्षा ०.०२ मिलिमीटरने लहान. तोच लीस्ट काउंट. 'सरकत्या पट्टीचा शून्य जिथे थांबला, त्याच्या डावीकडची जवळची मुख्य रेघ वाचा. शून्य नेमका रेघेवर असेल तर तीच वाचा. मग सरकत्या पट्टीची कोणती रेघ वरच्या रेघेशी सरळ जुळते ते शोधा. तिच्या क्रमांकाला ०.०२ ने गुणा आणि मिळवा.'

मायक्रोमीटरपाशी त्यांनी रेणूचा जीव खाल्ला. थिंबलच्या एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर, थिंबलवर पन्नास भाग, म्हणून लीस्ट काउंट ०.०१. 'आधी जबडे मिटून शून्य जुळतो का पाहा. जुळत नसेल तर शून्यदोष लिहून ठेवा. बंद असताना जास्त दाखवत असेल तर शेवटी वजा करा, कमी दाखवत असेल तर मिळवा. जॉब धरताना मागचा रॅचेट कटकट वाजेपर्यंतच फिरवा, जोर लावू नका. मग स्लीव्हवर आडव्या रेघेच्या वरचे पूर्ण मिलिमीटर वाचा. आता खाली पाहा. त्यानंतरची अर्ध्याची रेघ उघडी पडली असेल तर ०.५० मिळवा. शेवटी थिंबलचा जो भाग आडव्या रेघेशी जुळतो, त्याला ०.०१ ने गुणून मिळवा.' हा अर्ध्याचा मुद्दा सरांनी ठळक करायला लावला. पोरं तिथेच आपटतात, हा त्यांचा जुना अनुभव.

शेवटी एक सोडवलेलं उदाहरण हवं होतं. सरांनी मायक्रोमीटरमध्ये एक पिन धरली, खिडकीशी जाऊन वाचली आणि सांगितलं, "सहा पूर्णांक अठ्ठावीस." रेणूने लिहून घेतलं.

शीट छापायला जाणार त्या सकाळी रेणूने तीच पिन घेतली. बोट ठेवून एकेक पायरी वाचत माप घेतलं, आणि थबकली.

"सर, माझं सहा अठ्ठ्याहत्तर येऊन राहिलं जी."

"पुन्हा पाह्य."

तिने पुन्हा पाहिलं. तेच आलं.

"काऊन गं? अर्धा कुठून आणलास?" सर तडकले. "मास्तरीण झालीस आन् मायक्रोमीटर वाचता नाही येत?"

"शीटप्रमाणंच करून राहिली, सर. खालची रेघ उघडी आहे, म्हणून अर्धा मिळवला. व्हर्नियरनंही पाह्यलं. सहाच्या पुढं एकोणचाळिसावी रेघ जुळते. तेही सहा अठ्ठ्याहत्तरच."

सरांनी तिच्या हातातून मायक्रोमीटर जवळपास हिसकावलाच. खिडकीशी नेला. चष्मा वर केला, खाली केला. थिंबलवरचा पंचवीस दिसत होता, त्याच्या पुढच्या तीन रेघा अंदाजाने येत होत्या. पण स्लीव्हवर जिथे नजर रोवावी, नेमकं तिथेच धुरकट डाग बसायचा. नजर बाजूला केली की डागही बाजूला. गेले कित्येक महिने ते ट्यूबलाइटला शिव्या देत होते, चष्मेवाल्याला देत होते. शुगरचा आणि डोळ्यांचा संबंध डॉक्टरने सांगितला होता, तो त्यांनी ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडला होता.

"थिंबलचा शून्य आडव्या रेघेवर आला का दरवेळी हं म्हण," ते हळू आवाजात म्हणाले.

पिन काढून त्यांनी थिंबल जबडे मिटायच्या दिशेने फिरवायला घेतलं. अठ्ठावीस भाग मागे आले तेव्हा रेणू पहिल्यांदा "हं" म्हणाली. तिथून पूर्ण फेरे मोजायचे. पिन सहा अठ्ठावीस असेल तर जबडे मिटेपर्यंत बारा फेरे, सहा अठ्ठ्याहत्तर असेल तर तेरा. हे गणित सांगायला त्यांना डोळे लागत नव्हते. रेणू हं म्हणत गेली, सर ओठांत मोजत गेले. बारावा झाला. थिंबल थांबलं नाही, निमूटपणे आणखी एक फेरा फिरलं. मग रॅचेट वाजला.

"शीट बरोबर आहे," सर म्हणाले.

"होय जी."

"उदाहरण दुरुस्त कर."

रेणूने आकडा खोडला. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण ज्या माणसाने आपल्याला बघायला शिकवलं, त्याला तुम्हाला दिसत नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिचे डोळे भरून आले. सरांना तेही दिसलं नसावं.

नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याला सूज असल्याचं सांगितलं. डोळ्यात इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवायला पाहू, पण गेलेलं परत येईल याची आशा धरू नका, म्हणाले.

छापलेलं शीट वर्गात आलं त्या दिवशी रेणू वर्ग घेत होती आणि सर भिंतीला टेकून उभे राहिले. कोणाला काही सांगायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. पोरं वाचत होती, फिरवत होती, रॅचेट कटकटत होते. एकेकाचा आकडा बरोबर येऊन राहिला होता. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते डोळ्यांसमोर घडत होतं. शीटला आता सरांची गरज उरली नव्हती.

नवेगाव बांधची प्राची उठून त्यांच्याकडे आली. पहिल्याच वर्षाची पोर, तिला काय माहीत. तिने जॉबसकट मायक्रोमीटर पुढे केला. "सर, बरोबर आहे का पाहून द्या ना जी."

हात सवयीने पुढे झाला. त्यांनी तो मायक्रोमीटर घेतला, उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. प्राची वाट पाहत राहिली. हळूहळू सगळा वर्ग त्यांच्याकडे पाहू लागला.

"मॅडमला दाखव, बाई," सर म्हणाले. "मले दिसून नाही राहिलं."