तिसऱ्या मजल्यावरचा भूप, सहाव्या मजल्यावरचा देशकार

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तिथून हे सगळं सुरू झालं. जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कुंदाताईंचा गाण्याचा क्लास चालतो. हॉल उघडायचा, सतरंज्या टाकायच्या आणि मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावायचं, हे माझं काम. माझी तन्वी नऊ वर्षांची. ती शिकते आणि मी मागे भिंतीला टेकून बसते. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण कान काही सातवीला थांबले नाहीत! तीन वर्षांत किस्से इतके साचलेत की ताईंनी सांगितलेलं लिहायला घेतलेल्या वहीची मागची पानं आधी भरली.

* * *

पहिल्या दिवसाचाच घ्या. मी ताईंना म्हटलं, "ताई, सहा-दहा म्हणजे फारच लवकर होतं हो. पोरीची झोप मोडते. संध्याकाळी नाही का शिकवता येणार?"

ताई म्हणाल्या, "भैरव शिकवायचाय. अंधार जातोय आणि ऊन अजून आलेलं नाही, तेवढ्या फटीतला राग आहे तो. तू देवाला काकडआरती संध्याकाळी करतेस का?"

मी तन्वीला पुढे नेऊन बसवलं.

क्लास सुरू झाला. तन्वी 'रे'वर आली आणि तिचा आवाज हलायला लागला. वर-खाली, वर-खाली. मला वाटलं, पोरगी घाबरली! मी पाण्याची बाटली घेऊन धावत पुढे गेले. "ताई, थांबा, थांबा! तिला पाणी देते. नवीन जागा आहे ना, थरथरतेय बघा!"

ताईंनी मला हातानेच खाली बसवलं. "थरथरत नाहीये ती. भैरवात 'रे' आणि 'ध' कोमल असतात आणि त्यांच्यावर नुसतं उभं राहायचं नसतं, पाळण्यासारखं हळू झुलायचं असतं. त्याला आंदोलन म्हणतात. त्या झुलण्यामुळेच भैरव असा शांत, गंभीर वाटतो. मुलांना हे यायला सहा-सहा महिने लागतात. हिला पहिल्या दिवशी आलं!"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाटली आणलीच आहेस तर तूच पी."

* * *

मोठ्यांचा क्लास संध्याकाळी साडेसहाला असतो. एक दिवस ताई मारवा गात होत्या. मला काय झालं कळेना, जीव नुसता कासावीस. गॅस बंद केलाय ना? तन्वीचे पप्पा काशीमीऱ्याच्या गोडाऊनमधून निघाले असतील ना? तन्वी कुठे आहे? मी चप्पल घालून दारापर्यंत गेले.

मागून तन्वी म्हणाली, "मम्मी, मी इथेच बसलीये. तुझ्या शेजारी."

सगळे हसले. ताई नाही हसल्या. म्हणाल्या, "बरोबर झालंय हिचं. 'सा' म्हणजे आपलं घर. बाकीचे राग फिरून फिरून घरी येतात. मारवा कोमल 'रे'वर आणि 'ध'वर रेंगाळत राहतो, दारापर्यंत येतो आणि आत काही येत नाही. म्हणून दिवेलागणीची हुरहूर त्याच्यात आहे."

मग तेच सहा सूर घेऊन त्या 'ग' आणि 'नी'वर निवांत बसल्या, बराच वेळ खालच्या सुरांतच राहिल्या. माझं मन खरंच खाली बसलं. म्हणाल्या, "हा पूरिया. सामान तेच, मुक्काम वेगळा."

मी म्हटलं, "ताई, खरं सांगू? मला तर रोजच संध्याकाळी तसं होतं. मारवा नसला तरी."

"मग तुला काय शिकवायचं? लोकांना दहा-दहा वर्षं घासून जे येत नाही, ते तुझ्या पोटात आधीच आहे!"

माझ्या काळजीचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. घरी गेल्यावर यांना मुद्दाम सांगितलं.

* * *

सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाला ताईंचं गाणं ठेवलं होतं. आमचे सेक्रेटरी शाहभाई हौशी माणूस. ऐनवेळी म्हणाले, "ताई, पैले भैरवी सुनावजो. मेरी फेवरेट है, फिर मेरेको स्टेशन जाना है, साले को लेने."

ताईंनी समजावून बघितलं, "शाहभाई, भैरवी तशी सकाळची. पण मैफल कधीही असो, शेवटी ती गायची असा रिवाज आहे. ती झाली की मैफल उठते."

"अरे ताई, पैले क्या, लास्ट क्या! गाना तो गाना है!"

ताईंनी भैरवी गायली. इतकी सुंदर, की पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि उठून चालायला लागले. ते उठले म्हणून मागचे उठले. पाच मिनिटांत सगळी सोसायटी ताटं घेऊन रांगेत उभी! केटररच्या पुऱ्या अजून लाटून व्हायच्या होत्या.

शाहभाई माइकवर ओरडतायत, "बैठो, बैठो! अभी तो चालू हुआ है!"

रांगेतून एक आजोबा म्हणाले, "भैरवी झाली ना? मग कसलं चालू?"

* * *

ताईंची एक शिष्या अमेरिकेत असते. व्हिडिओ कॉलवर शिकते. आपली सकाळ म्हणजे तिची रात्र. तिने विचारलं, "ताई, भैरव इंडियाच्या टाइमने गायचा की इथल्या?"

ताई म्हणाल्या, "तुझ्या खिडकीबाहेर बघ. सूर्य जिथे, तिथला टाइम."

तिने पडदा सरकवला. "ताई, इथे सूर्य नाहीये. शेजाऱ्यांची गाडी आहे."

* * *

भूप आणि देशकारचा किस्सा मात्र आमच्या घरातलाच आहे. दोन्ही रागांत सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तन्वी मोठ्यांच्या क्लासमध्ये बसून संध्याकाळी सात वाजता भूप गात होती. 'ग, रे ग, प ग, ध प ग, रे सा', छान चाललं होतं. मग तिला वरचा 'ध' आवडला. ती तिथेच घुटमळायला लागली. 'ध ध प, ग प ध प', आणि 'रे'ला नुसता हात लावून पळतेय.

ताईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "तन्वी, आपण संध्याकाळी सातला बसलोय. तू सकाळचे आठ वाजवलेस! भूपाचा देशकार केलास."

मला काही कळलं नाही. सूर चुकला नाही, मग राग कसा चुकला? ताईंनी मला समजेल असं सांगितलं. "सप्तक म्हणजे बिल्डिंग समज. 'सा' पहिला मजला, 'ग' तिसरा, 'ध' सहावा. ज्या सुरावर राग जास्त रमतो, तो त्याचा वादी, म्हणजे राहायचा मजला. दुपारी बारापासून रात्री बारापर्यंतचे राग बहुतेक खालच्या मजल्यांवर राहतात, रात्री बारापासून दुपारी बारापर्यंतचे वरच्या. भूप रात्रीच्या सुरुवातीचा, राहतो तिसऱ्यावर, शांत माणूस. देशकार सकाळचा, राहतो सहाव्यावर, उत्साही. बिल्डिंग एकच."

मी हे सगळं रात्री जेवताना तन्वीच्या पप्पांना सांगितलं. तेही मन लावून ऐकत होते. मला वाटलं, आता काहीतरी छान बोलतील.

म्हणाले, "सहाव्यावर पाणी चढतं का?"

* * *

आता खरी काळजीची गोष्ट. हॉलच्या बरोबर वर कदमदादा राहतात. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर असतात. पहाटे साडेपाचला घरी येतात, सहाला आडवे होतात. त्यांनी लेखी तक्रार दिली. गाण्याने झोप होत नाही, क्लास बंद करा.

मीटिंग बोलावली. शाहभाई म्हणाले, "ताई, मॉर्निंग का बंद करो ना. शाम को सब साथ में सिखाओ."

ताई म्हणाल्या, "मुलांची परीक्षा महिन्यावर आलीये. भैरव पहाटे शिकवता येत नसेल तर मला शिकवायचंच नाही. मी क्लास बंद करते."

बाहेरचे मोठे क्लास आम्हाला झेपणारे नाहीत. तन्वीचं गाणं इथेच, या सतरंजीवर. ती माझा पदर धरून बसलेली. मी मीटिंगमध्ये आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण कदमदादांचे डोळे बघितले, लालभडक. माणूस खोटं बोलत नव्हता.

मी उभी राहिले. "दादा, राग मानू नका. तुम्हाला नेमकी जाग कधी येते? सुरू झाल्या झाल्या?"

ते विचारात पडले. "नाही वहिनी. ते पहिलं असतं ना, हळू हळू झुलणारं, त्याने उलट डोळा लागतो. गावी देवळात पडल्यासारखं वाटतं. त्याच्यानंतर ते दुसरं सुरू होतं. वरच्या वर उड्या मारणारं. ते कानात गेलं की मला वाटतं ऊन वर आलं, नाष्ट्याची वेळ झाली. उठूनच बसतोय मी! घड्याळात बघतो तर पावणेसात!"

मी वही उघडली. 'सहा-दहा, भैरव. सहा-चाळीस, देशकार.' वाचून दाखवलं.

ताईंनी वही मागून घेतली, ती ओळ स्वतः वाचली. मग उठल्या आणि कदमदादांना त्यांनी चक्क हात जोडले. "चूक माझी आहे. परीक्षेच्या घाईत मी देशकार भैरवाला चिकटवला. ऊन पसरल्यावर गायचा राग मी उजाडता उजाडता गायला लावला. आणि शास्त्र न शिकता तुम्ही हे झोपेत पकडलंत! तुम्ही परीक्षक असता तर मुलांना तुमच्यासमोर बसवलं असतं."

कदमदादा इतके लाजले की सही केलेली तक्रार घडी घालून खिशात टाकली. ठरलं. सहा-दहाला भैरव, फक्त भैरव. देशकार आठनंतर, सोसायटीच्या पलीकडच्या टोकाला शाळेच्या बाजूला एक खोली आहे, तिथे. आणि तिकडे खिडकी उघडी ठेवायची नाही.

जाताना ताई शाहभाईंना म्हणाल्या, "गाना तो गाना है, हो ना?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही वही माझ्या क्लासची आहे. आणि ही लिहिणारीही."

मी त्या रात्री मारव्याशिवाय झोपले.

* * *

परवाची गोष्ट. तन्वीची परीक्षा झाली होती. भूप गायली, मग परीक्षकांनी सांगितल्यावर त्याच पाच सुरांत देशकार. दोन्ही आपापल्या मजल्यावर! मी सकाळी हॉल उघडायला निघाले, तर लिफ्टपाशी कदमदादा. हातात मुलाची नवी वॉटर बॅग, चेहरा पडलेला.

मला धडकीच भरली. "काय झालं दादा? परत त्रास झाला का गाण्याचा?"

"नाही वहिनी, छे! भैरव मस्त चाललाय. दुपारी चार वाजेपर्यंत झोपतोय." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "एक काम होतं. उद्या आमच्या ओमची पिकनिक आहे. सात वाजता बस. मी तर ड्युटीवरून येऊन कधी झोपेन सांगता येत नाही, हिची तब्येत बरी नाही, आणि तो पोरगा अलार्मला दाद देत नाही. ताईंना तेवढा निरोप द्या ना. उद्या एक दिवस, सहालाच हॉलमध्ये देशकार घ्या म्हणावं!"