देवीने नेसलेली साडी

सुरतेच्या पांडेसऱ्यात वनिताचं साड्यांचं छोटंसं दुकान. कडक अटींना कंटाळून गिऱ्हाईक तुटत होतं, म्हणून नवी पाटी रंगवण्याआधी तिने अटींचा कागद सासूबाईंपुढे, कोकिळाबाईंपुढे ठेवला.

“‘साडी लवकर परत आणावी.’ लवकर म्हणजे केव्हा गं? तुझ्या चलथाणच्या मावशीने दिवाळीची साडी होळीला परत आणली, तरी तिच्या मते ते लवकरच.”

वनिताने ‘बिलापासून सात दिवस’ लिहिलं.

“आणि ‘घडी मोडलेली घेणार नाही’? भोक आतल्या घडीत निघालं, तर ते बाईला बाहेरून दिसणार का? विणीत दोष असला तर पैसे परत, असं लिही.”

तेवढ्यात शेजारच्या मंगलाबाई साडी घेऊन आल्या. पदराला कुंकू लागलं होतं.

“बदलून दे बाई.”

“काकू, नेसलेली साडी घेत नाही. जुन्या पाटीवरही लिहिलंय.”

“मी कुठे नेसले? पूजेत कानबाईला नेसवली होती.”

वनिताला हसू आवरेना. कोकिळाबाई मात्र गंभीर झाल्या. “पाटीत पळवाट आपणच ठेवली. बदलून दे. ही देवीची साडी मी विकत घेते, एकादशीला नेसेन.”

मंगलाबाईंनी साडी झटकन छातीशी धरली. “तुम्ही का? प्रसाद माझ्या घरचा आहे.” आणि त्या तरातरा निघाल्याही.

हसून हसून वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. कोकिळाबाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला.

“हसतेस काय? लिही, ‘कोणीही वापरलेली साडी बदलून मिळणार नाही.’ देवसुद्धा त्यात आले.”