दुसरं पान

परवा नात बायोडाटा घेऊन आली. "आजोबा, एका पानात बसवू की दोन?" जन्मभर कचेरीत खर्डेघाशी केलेला म्हातारा, तेव्हा चटकन सांगेल असं तिला वाटलं. मी सांगितलंही. जाहिरातीत जे मागितलंय ते सगळं ठेव, बाकीचं काप आणि मग पानं मोज. नवख्याला एक पुरतं, काम केलेल्याला दोन लागली तर लागू देत. ती खूश होऊन गेली. मी मात्र तिथेच मान खाली घालून बसलो, कारण ही अक्कल मला कुणाच्या जिवावर आली ते मी घरात कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा मी विशीत होतो. बुलढाण्याला कोर्टाजवळ मामाचा टाइपिंग क्लास होता आणि दुपारी लोकांचे अर्ज टाइप करायला मी बसायचो. इंग्रजी बरं होतं, आणि त्याची मिजास त्याहून चार बोटं वर होती.

एका दुपारी जळगाव जामोदहून तिशीला आलेला एक माणूस आला. एका शेतकी शाळेला रोपवाटिकेसाठी अनुभवी माणूस हवा होता. जाहिरातीचं कात्रण त्याने खिशात घडी करून आणलं होतं. अर्ज दुसऱ्या दिवशी पोचायला हवा होता, आणि पुढच्या वर्षी तो वयाच्या अटीत बसणार नव्हता.

"हा एकच चान्स हाय, भाऊ," तो म्हणाला.

पहिलं पान मी झोकात टाइप केलं. नाव, वडिलांचं नाव, मॅट्रिक, शाळेतलं धावण्याचं बक्षीस, छंद म्हणून भजन. दुसऱ्या पानावर त्याचं खरं काम होतं. सात वर्षं एका बागवानाकडे त्याने रोपं तयार केली होती, जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून हजारो कलमं जगवली होती. ते पान संपवून मी बाहेर काढलं, तर नकलेसाठी घातलेला कार्बन उलटा लागलेला. नकलेचा कागद कोरा आणि सगळी अक्षरं मूळ कागदाच्याच पाठीवर उमटलेली.

पुन्हा टाइप करायला अर्धा तास लागला असता. पाच वाजता माझा व्हॉलीबॉलचा सामना होता.

मी पान चुरगाळलं आणि म्हणालो, "मोठ्या ऑफिसात दोन पानं कोण वाचतं? एक पानी अर्जाचा रुबाबच वेगळा." पहिल्या पानाच्या तळाशी एका ओळीची जागा होती. तिथे मी 'शेतीकाम, सात वर्षे' एवढंच ठोकलं.

"मालकाची चिठ्ठी जोडू का? कामाची हाय."

"मराठीत आहे ना? राहू द्या."

"तुमी सांगता तं बराबरच असन," म्हणत त्याने सही केली. संध्याकाळच्या डाकेने अर्ज गेला. सामना आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी मामाने नक्कल आणि टेबलावर राहिलेलं कात्रण शेजारी ठेवून पाहिलं. "त्याहीनं मांगतलं काय अन् तू ठेवलं काय बे? भजन ठेवलं अन् अनुभव कापला? काऊन?" मी म्हणालो, त्यालाच एक पान हवं होतं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझं त्या दिवशी चांगलं चाललं.

महिन्याभराने तो माणूस उत्तर घेऊन आला. पत्र इंग्रजीत होतं. 'रोपवाटिकेचा अनुभव नसल्याने अर्ज विचारात घेतला नाही.' मी दोनदा वाचलं.

"काय म्हन्ते?"

"जागा आधीच भरली म्हणतात."

"असो. तुमी तं मेहनत घेतली," तो म्हणाला. त्याचा तो भाबडेपणा मला चाबकासारखा लागला. तरी मी खरं बोललो नाही.

दोनेक वर्षांनी तो पुन्हा आला, या वेळी धाकट्या भावाला घेऊन. भाऊही त्याच बागेत काम करत होता आणि तशाच एका जागेसाठी अर्ज करायचा होता. "माह्यासारखाच करा, एका पानात," तो म्हणाला.

मी आधी जाहिरात वाचली. वडिलांचं नाव, बक्षिसं, छंद सगळं गाळलं. बागेतलं काम नीट लिहिलं, कलमं किती बांधली, किती जगली, सगळं. मालकाची चिठ्ठी मागून घेतली, तिचं भाषांतर केलं आणि दोन्ही जोडली. दोन पानं झाली. कार्बन मी तीनदा तपासला.

त्याने दोन्ही पानं हातात घेतली. इंग्रजी त्याला फार येत नव्हतं, पण पानं मोजता येत होती.

"याले दोन," तो हळूच म्हणाला, "मंग मले एकच काऊन, भाऊ?"

मी टाइपरायटरवर कापड घातलं आणि कागद टाचायला टाचणी शोधू लागलो. टाचणी समोरच होती.