चारीत भरलेली सभा

मी वाशीच्या मार्केटात मापाडी होतो आणि राहायला तुर्भ्यात. आमच्या गाळ्याच्या आसपास हमाली करणारे निम्मेअधिक आमच्याच गावचे, सातारा जिल्ह्यातले. त्यातही गंमत अशी, की सगळे कालव्याच्या चारीच्या शेपटाकडचे, म्हणजे टेलचे. हेडला, चारीच्या तोंडाशी ज्यांची शेतं होती, त्यांच्यातला एकही माणूस मुंबईला आला नव्हता. पाणी टेलपर्यंत पोचत नव्हतं. टेलची माणसं मात्र वाशीपर्यंत पोचली होती.

गावात पाणीवापर संस्था झाली तेव्हा आम्ही गाळ्यावर पेढे वाटले. आता पाटबंधारे खात्याने चारीच्या तोंडाशी पाणी मोजून संस्थेला द्यायचं आणि संस्थेने ते जमिनीप्रमाणे पाळ्या लावून वाटायचं, असं ठरलं. चेअरमन झाले हेडचे एक बडे ऊसवाले. पाणी जपून वापरावं यावर ते इतकं सुंदर बोलायचे, की ऐकताना घसा कोरडा पडायचा.

कालव्याला पाणी सुटलं, त्या पहिल्याच आवर्तनात पाळ्या वरून खाली लागल्या. आमच्या वाटणीचा दिवस आला तेव्हा चारीत बेडूकसुद्धा भिजला नाही. "वाटेत झिरपलं," चेअरमन म्हणाले. "जमिनीला कोण काय सांगणार?"

दुसऱ्या आवर्तनाच्या वेळी वहिनीचा गाळ्यावर फोन आला. थोरला भाऊ गेल्यापासून शेत तीच बघायची, आणि संस्थेची सभासदही तीच होती.

"भावजी, आपल्या पाळीदिवशी या. सभा हाय."

"कुठं? चावडीत?"

"चारीत."

मला वाटलं, लाइन खराब आहे. पण गेलो तर खरोखरच आमच्या शेतापाशी, चारीच्या तळात, वहिनीने सतरंज्या अंथरल्या होत्या. टेलचे सगळे खातेदार मांडी घालून बसले होते. तिने संस्थेच्या संचालकांना, म्हणजे बहुतेक हेडवाल्यांनाच, रीतसर बोलावलं होतं. आणि सभेला जेवण आहे म्हटल्यावर तेही आले होते. चेअरमन काठावर उभे राहिले.

"हे काय? चारीत बसायचं?"

"बसा की. आता आमची पाळी चालू हाय. पाणी आलं की उठू," वहिनी म्हणाली.

चेअरमन बसले. दुसरं करणार काय? चारीत पाणी येईल असं म्हणावं, तर उठून उभं राहायला हवं. येणार नाही म्हणावं, तर चेअरमन कशाचे? बचतीवरचं भाषण झालं, आभार झाले, पिठलं-भाकरी झाली. कुणाच्या धोतराला ओल लागली नाही. उन्हाने संचालकांची टक्कलं मात्र तापली.

"आता वर चालू," वहिनी उठली. "कुठं झिरपतंय ते तरी बघू."

आम्ही चारीतूनच वर निघालो. मधल्या शेतांपाशी चपला चिकटायला लागल्या, पुढे घोट्याएवढं पाणी लागलं आणि हेडला चेअरमनांच्या उसात बगळे उभे दिसले. चारीतून त्यांच्या शेतात पाणी सोडणारं दार सताड उघडं होतं आणि जादा पाणी उसातून ओढ्याला चाललं होतं.

"गडी ऐकत नाही हो," चेअरमन म्हणाले.

"आवो, मग गड्यालाच चेअरमन करू," टेलचा एक म्हातारा खातेदार म्हणाला. यावर संचालकसुद्धा हसले, कारण आपल्या भिजलेल्या शेतांवरून चालताना त्यांनाही चोरटं वाटत होतं.

तिथेच बांधावर ठराव झाला. पाळी टेलपासून सुरू करायची आणि वर सरकायची. खालच्याचं भिजल्याशिवाय वरच्याचं दार उघडायचं नाही. कोरडी चारी भरायला जो वेळ जाईल तो कुणाच्या पाळीत धरायचा नाही. हेडच्या दारांना कुलपं, आणि किल्ल्या टेलवाल्यांकडे. चारीवर फिरायला एक माणूस हेडचा, एक टेलचा, दोघांनी बरोबरच फिरायचं. चेअरमन म्हणाले, "पाणी आधी वरच्याला मिळतं, हा निसर्गाचा नियम आहे."

"निसर्ग सभासद न्हाई," वहिनी म्हणाली. हात वर झाले, ठराव मंजूर.

पुढच्या आवर्तनाला मी पुन्हा रजा काढली. पाणी येताना आधी काटक्या, पालापाचोळा आणि फेस पुढे ढकलत येतं. आमच्या शेतात ते वळलं तेव्हा मी चपला काढून त्यात उभा राहिलो. वहिनी गव्हात दारं धरत होती, फावड्याने एक वाफा बंद, दुसरा उघडा.

तेवढ्यात चेअरमन लगबगीने आले. जन्मात पहिल्यांदाच ते आपल्या आधी दुसऱ्याचं शेत भिजताना बघत होते. चेहरा कसनुसा झालेला.

"जपून हो, जपून! ते बघा, बांधावरून चाललंय! किती पाणी वाया घालवता!"

वहिनीने फुटलेला बांध फावड्याने थापला, कारण तेवढ्यापुरतं ते खरं बोलत होते. मग आंब्याखालच्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, सावलीत बसा. तुमची पाळी यायला येळ हाय."